बसमधील आणि फलाटावरील व्हॉईस टायपिंग : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेले नऊ महिने मी प्रवासात फोनवर टाइप करणे जवळजवळ सोडून दिले आहे. जाताना बसमध्ये आणि येताना रेल्वेच्या फलाटावर, असा रोजचा साधारण सव्वा तास मी निरोप, टिपणे आणि कामाच्या सूचना बोलून लिहिते. घरातील शांत खोलीत हीच सोय इतकी चोख चालते की मराठीतील जोडाक्षरेसुद्धा ती क्वचितच चुकवते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात बसमधून उमटलेला मजकूर पाहून फोन बिघडला असावा अशीच माझी समजूत झाली. फोन ठीक होता. गोंगाटात या सोयीच्या चुका होतात, पण त्या वाटेल तशा होत नाहीत. त्यांना एक ठरलेले वळण असते आणि ते ओळखता आले की बहुतेक वेळा मूळ वाक्य परत मिळवता येते, हे लक्षात यायला मला तीनेक महिने लागले.

ज्या वाक्यामुळे मी या गोष्टीकडे नीट पाहू लागले, ते वाक्यच येथे देते. आमचे काम नकाशांचे आहे. एका सकाळी बसमधून मी एका सहकारी मुलीला पुढील निरोप पाठवला आणि उतरण्याच्या गडबडीत तो वाचून पाहिला नाही.

«नकाशाची परत पाठवून कोस आधी गळ्याचा कालचा पाठ तपासायचा आहे»

तिचा लगेच फोन आला. तिचा पहिला प्रश्न होता, «ताई, तुम्ही गाणं शिकता?» दुसरा प्रश्न मात्र गंभीर होता. नकाशा परत पाठवायचा आहे असे समजून ती तो पाठवण्याच्या तयारीत होती. मी बोलले होते ते असे : «नकाशाची प्रत पाठवू नकोस, आधी तळ्याचा खालचा काठ तपासायचा आहे.»

या दोन ओळी एकाखाली एक ठेवून पाहिल्या तर सर्वांत घातक चूक सर्वांत लहान आहे, हे दिसते. «पाठवू नकोस» आणि «पाठवून कोस» यांत एकाही अक्षराचा फरक नाही. फक्त शब्द तोडण्याची जागा एका अक्षराने सरकली आहे आणि तेवढ्याने नकार नाहीसा झाला आहे. बोलताना आपण शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाही. ती जागा कोठे असावी हे यंत्र अंदाजाने ठरवते आणि आवाज अस्पष्ट असला की त्याला नेहमीच्या वापरातील «पाठवून» जवळचे वाटते. म्हणून विचित्र ओळ समोर आली की मी सर्वप्रथम तिच्यातील मोकळ्या जागा मनातल्या मनात पुसून टाकते आणि सगळी अक्षरे एका दमात, थोड्या वेगाने, मोठ्याने म्हणते. डोळ्यांना «पाठवून कोस» दिसत राहते. कानाला मात्र «पाठवू नकोस» दुसऱ्याच वेळी ऐकू येते. विशेषनामांचे असेच होते : «मीनल» हे नाव माझ्या फोनने बसमध्ये अनेकदा «मी नळ» असे लिहिले आहे.

पुढचा भाग अधिक रंजक आहे. «काठ» चा «पाठ», «खालचा» चा «कालचा» आणि «तळ्याचा» चा «गळ्याचा» झाला. तिन्ही ठिकाणी स्वर जसेच्या तसे राहिले आणि प्रत्येक शब्दातील एकच व्यंजन बदलले. याचे कारण सरळ आहे. स्वर लांब आणि जोरकस असतात, तर क, त, प यांसारखी व्यंजने क्षणभराच्या फुटण्यातून ओळखली जातात आणि तो क्षण गोंगाटात सहज बुडतो. जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया नायसली यांनी 1955 साली इंग्रजी व्यंजने गोंगाटात माणसांना ऐकवून नेमकी कोणती कशाशी गल्लत होते हे मोजले होते. व्यंजन घोष आहे की अघोष, म्हणजे ते उच्चारताना ग प्रमाणे गळा थरथरतो की क प्रमाणे थरथरत नाही, आणि ते अनुनासिक आहे की नाही, हे बऱ्याच गोंगाटातही कळते. पण ते तोंडात कोठे उच्चारले गेले, ही माहिती मात्र त्याहून सुमारे 18 डेसिबल कमी गोंगाटातच हरवू लागते, असे त्यांना आढळले. तो प्रयोग माणसांच्या कानांवरचा होता, यंत्रावरचा नव्हे. तरीही माझ्या वहीत जमलेल्या चुका बऱ्याच अंशी त्याच धाटणीच्या आहेत.

मराठी वाचकाला यासाठी वेगळा तक्ता शोधावा लागत नाही, कारण आपली वर्णमाला त्याच तत्त्वावर मांडलेली आहे. कवर्गापासून पवर्गापर्यंतच्या आडव्या ओळी उच्चाराची जागा सांगतात, तर उभे रकाने अघोष, घोष, महाप्राण आणि अनुनासिक हा भेद सांगतात. गोंगाट अक्षराला बहुधा त्याच उभ्या रकान्यात वर किंवा खाली ढकलतो. म्हणून «पाठ» हा शब्द खटकला तर मी «प» च्या रकान्यातून वर चढत जाते : ताठ, टाठ, चाठ, काठ. तळ्याच्या संदर्भात यांपैकी एकच शब्द बसतो. म आणि न यांची अदलाबदल हीदेखील याच प्रकारची आहे, कारण दोघेही शेवटच्या रकान्यातील आहेत.

बसमध्ये मात्र रकानाही कधी कधी सुटतो. महाप्राणातील श्वासाचा अंश वाऱ्याच्या आणि पंख्याच्या आवाजात विरून जातो, म्हणून ख चा क आणि थ चा त होणे रोजचेच आहे. इंजिनाची घरघर व्यंजनाच्या आधीच्या शांततेत शिरत असावी आणि यंत्राला ती घोषत्वासारखी वाटत असावी, असा माझा तर्क आहे. «तळ्याचा» चा «गळ्याचा» होण्यात जागा आणि घोषत्व हे दोन्ही बदलले ते बहुधा यामुळेच. त्यावर पुन्हा भाषेचा अंदाज आपले काम करतोच : एकदा «पाठ» ठरला की त्याच्या शेजारी «कालचा» अधिक शोभतो आणि अशा रीतीने एक चूक शेजारच्या शब्दालाही ओढून घेते. त्यामुळे एकेका शब्दाची सुटी दुरुस्ती करण्यापेक्षा तीन-चार शब्दांचा गट एकदम सोडवणे सोपे जाते.

व्याकरण हा उत्तम साक्षीदार आहे. «नकाशाची परत» यातील «ची» पुढे एखादे स्त्रीलिंगी नाम असल्याचे सांगते आणि «परत» हे नाम नाही; एवढ्यावरून «प्रत» सापडायला हवी होती. उलट «काठ» आणि «पाठ» दोन्ही पुल्लिंगी असल्यामुळे «तपासायचा» या क्रियापदाने तेथे कोणतीच मदत केली नाही. ओळ व्याकरणात बसली म्हणजे ती बरोबरच असेल असे नाही, हे मला या एका निरोपाने शिकवले.

फलाटावरील त्रास वेगळ्या जातीचा आहे. तेथे घरघर कमी आणि माणसांचे बोलणे जास्त असते, शिवाय ध्वनिक्षेपकावरील घोषणा मोठ्या, स्पष्ट आणि शुद्ध असतात. यंत्राच्या दृष्टीने तो उत्तम मजकूरच असतो. «पोचल्यावर फोन करते» असे मी म्हटले आणि उमटले ते «पोचल्यावर फोन क्रमांक चारवर येत आहे». येथे व्यंजनांची अदलाबदल करून काहीही हाती लागत नाही, कारण माझे शब्द बदललेले नसून त्यांच्या जागी दुसऱ्याचे शब्द आले आहेत. अशी घुसखोरी भाषेच्या पोतावरून ओळखू येते : घरगुती वाक्यात अचानक «क्रमांक», «कृपया» किंवा «प्रवाशांनी» असा शब्द डोकावला की तेथून पुढचे सगळे खोडून टाकावे आणि क्रियापद स्वतः आठवून लिहावे. एक-दोनदा तर मी गप्प उभी असतानाही पडद्यावर «धन्यवाद» उमटलेले पाहिले आहे.

जे पुन्हा जुळवता येत नाही त्याविषयीही सांगितले पाहिजे. «सात» आणि «साठ», «पंचावन्न» आणि «पंचाहत्तर» यांपैकी काहीही आले तरी वाक्य सुबोधच राहते, म्हणून संदर्भ कामाला येत नाही. आता मी संख्या एकेक अंक सुटा करून बोलते : साठ न म्हणता «सहा, शून्य». नकारार्थी सूचना तर मी बसमधून देणेच बंद केले आहे. «पाठवू नकोस» ऐवजी «प्रत थांबव» म्हणते, म्हणजे एखादे अक्षर हरवले तरी अर्थ उलटा होत नाही.

साधनांच्या बाबतीत माझा अनुभव अपेक्षेच्या उलट निघाला. बिनतारी इअरफोन हे फोनपेक्षा वाईट ठरले, कारण त्यांचा माइक कानाशी राहतो आणि अनेक जोडण्यांमध्ये आवाज सेकंदाला 8000 नमुन्यांपर्यंत उतरवला जातो. त्यात 4000 हर्ट्झच्या वरचे काहीच उरत नाही आणि स ची बरीचशी ओळख त्याच्याही वर असते. फोनचा खालचा माइक तोंडाच्या कोपऱ्याजवळ, चार बोटांवर धरणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. अंतर निम्मे केले की आपला आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो आणि गोंगाट मात्र तेवढाच राहतो. अगदी तोंडासमोर धरल्यास प आणि फ चे फुत्कार माइकवर आदळतात, म्हणून कोपरा. ओरडून उपयोग होत नाही, उलट स्वर ताणले जातात आणि व्यंजने होती तेवढीच राहतात.

सर्वांत मोठा फरक पडला तो आधी ध्वनिमुद्रण करून मग त्याचा मजकूर करून घेण्याच्या सवयीमुळे. थेट व्हॉईस टायपिंगमध्ये माझ्या फोनवर आवाज शिल्लक राहत नाही, राहतात ती फक्त चुकलेली अक्षरे. मुद्रण हाताशी असले की अडलेल्या चार सेकंदांपुरते कान लावले तरी काम होते आणि वर सांगितलेला सगळा खटाटोप क्वचितच करावा लागतो. ज्यांना टिपणे नंतर वापरायची आहेत त्यांनी हाच मार्ग धरावा. तातडीच्या एका ओळीच्या निरोपासाठी थेट बोलणे पुरेसे आहे, मात्र पाठवण्यापूर्वी ते एकदा वाचावे.

ही सवय लागण्यापूर्वीची एक ओळ माझ्या वहीत अजून तशीच आहे : «सावली मागे पाच पाटील आहेत». पहिला शब्द «पावती» असावा आणि शेवटून दुसरा «पाकीट», इथवर मी पोचले आहे. पण त्या दिवशीच्या पावतीमागे काहीच लिहिलेले नाही आणि पाकिटे तर तीनच होती.