रोज रात्रीचे तीन प्रश्न, सात महिने वापरून

डोकेदुखी नोंदवायचं एक ॲप मी आठवड्यात सोडलं होतं, तरी वर्ष संपल्यावर त्यांनी गपचूप १,४९९ कापले. चार मेल केले, उत्तर एकच, पॉलिसीनुसार रिफंड नाही. त्या रागात फुकटातला फॉर्म बनवला, उत्तरं थेट शीटमध्ये, लिंक फोनच्या होम स्क्रीनवर. फक्त तीन प्रश्न.

पहिलं व्हर्जन फसलं. 'आज काय काय खाल्लं' असा टाईप करायचा प्रश्न होता, नवव्या दिवशीच कंटाळलो. आता सगळं टॅप करायचं, वीस सेकंदांत होतं. पण खरा वैताग १ ते ५ च्या स्केलने दिला. किती दुखलं? ३. उद्या? ३. दोन महिन्यांनी शीट उघडली तर सगळीकडे तिनाचा पाढा, आणि मंगळवारचा ३ म्हणजे नक्की काय हे मलाच सांगता येईना. मग पर्याय बदलले: दुखलं नाही, दुखलं पण कामं झाली, आडवं व्हावं लागलं. यात विचारच करावा लागत नाही. दुसरा प्रश्न, पेनकिलर किती घेतल्या. तिसरा, जेवण चुकलं का.

आधी वाटायचं एखादा दिवस राहिला तर राहिला. नंतर लक्षात आलं की जे दिवस रिकामे तेच सगळ्यात वाईट, कारण डोकं फुटत असताना फोनच्या उजेडाकडे कोण बघतंय! म्हणजे शीट बघून तब्येत छान आणि प्रत्यक्षात मी अंधारात पडून. म्हणून नियम केला, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत भरलं तरी चालेल, ते कालचंच धरायचं. त्यासाठी शेजारच्या कॉलममध्ये हे टाकलं (A2 म्हणजे फॉर्म भरल्याची वेळ, या कॉलमला डेट फॉरमॅट द्यायचा):

```
=INT(A2-0.5)
```

रात्री बारानंतर भरलं की तारीख पुढची पडायची, ती कटकटही यातच मिटली. त्याआधीचं मात्र आठवून भरायचं नाही, ते सगळं अंदाजपंचे होतं.

फायदा झाला तो दुसऱ्या प्रश्नाचा. डॉक्टरांना मी 'महिन्यात पाच-सहा वेळा गोळी लागते' असं छातीठोक सांगायचो, शीटमध्ये निघाले १३ दिवस. ते म्हणाले, तुमची गोळी कॉम्बिनेशनवाली आहे, ती तीन महिन्यांहून जास्त काळ महिन्यातले दहा किंवा जास्त दिवस घेतली की तिच्यामुळेच डोकं दुखायला लागू शकतं, साध्या पॅरासिटामॉलला ही मर्यादा पंधरा दिवसांची. म्हणजे मोजायचे ते गोळीचे दिवस, गोळ्या नव्हेत. गोळी त्यांच्या सल्ल्यानेच कमी केली, मागच्या महिन्यात ६ दिवस.

जेवणाच्या प्रश्नातून मात्र अजून काही निघालेलं नाही. काढून तिथे झोपेचा टाकणार आहे, पण तोच प्रश्न एडिट न करता नवीन म्हणून, नाहीतर जेवणाची आणि झोपेची उत्तरं एकाच कॉलममध्ये जाऊन सगळा काला होईल.