हाताने पाहिलेला क्रमांक की स्टुडिओतला आकडा?

नागपुरी सावजी चिकनचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, आता तो सर्चमध्ये कसा चालतोय ते पाहायला दर रविवारी शीटमध्ये काय भरायचं?

पहिला मार्ग म्हणजे इनकॉग्निटो विंडोत यूट्यूब उघडून सर्चमध्ये 'सावजी चिकन रस्सा' टाकायचं आणि जाहिराती सोडून आपला व्हिडिओ कितवा येतो ते मोजायचं. वर-खाली काय झालं ते लगेच कळतं. पण लॉगिन नसलं तरी ठिकाणाचा परिणाम राहतोच. नागपुरात दिसलेला क्रमांक पुण्यात तोच असेल असं नाही. म्हणून वार आणि यंत्र एकच ठेवा, विसाव्याच्या खाली असेल तर नुसतं '२०+' लिहा.

दुसरा मार्ग म्हणजे यूट्यूब स्टुडिओ. ॲनालिटिक्समध्ये 'यूट्यूब सर्च' या ट्रॅफिक स्रोतात कोणत्या शब्दांवरून किती व्ह्यूज आले ते दिसतं. क्रमांक मात्र तिथे मिळत नाही.

समजा 'सावजी चिकन रस्सा'वर तुम्ही दुसरे आहात, पण त्यावरून व्ह्यूज जवळपास शून्य. आणि रोमन लिपीतल्या 'saoji chicken' वर नववे असूनही रोज लोक येतायत. नुसता क्रमांक लिहिणारा इथे पहिल्याच शब्दांवर खूश होऊन बसतो. माझा कल स्टुडिओकडे आहे. शब्द तिथून निवडा, मग त्यातल्या पाचांचाच क्रमांक हाताने पाहा.