बबलीचा गुडघा: ग्रेड २ वर थांबून पाहण्याचा वर्षभराचा अनुभव

आमची बबली पॉमेरेनियन, आता चार वर्षांची. तिच्या उजव्या मागच्या पायाची वाटी आतल्या बाजूला सरकते, हे गेल्या वर्षी कळलं. ऑपरेशन करायचं की थांबायचं, या प्रश्नावर आम्ही आधी थांबलो आणि नंतर ऑपरेशन केलं. दोन्हींचा अनुभव असल्यामुळे लिहितोय. ज्यांच्याकडे पॉम, चिवावा, यॉर्की किंवा टॉय पूडल आहे त्यांना कधी ना कधी हे ऐकावं लागण्याची शक्यता बरीच आहे.

आधी लक्षण. बबली चालता चालता अचानक उजवा पाय वर उचलायची, दोन-तीन पावलं तीन पायांवर उड्या मारत जायची, मग पाय मागे ताणून एक झटका द्यायची आणि पुन्हा नीट पळायची. ओरडणं नाही, काही नाही. घरच्यांना वाटायचं नखरे करते. प्रत्यक्षात वाटी मांडीच्या हाडातल्या खाचेतून निसटली की गुडघा सरळ करणारा मांडीचा स्नायू भलत्याच दिशेने ओढायला लागतो, म्हणून पाय दुमडलेलाच राहतो. मागे ताणून झटका दिला की वाटी परत खाचेत बसते.

वाटी किती ढिली आहे हे डॉक्टर १ ते ४ अशा ग्रेडने सांगतात आणि ती ग्रेड हाताने तपासून ठरते. डॉक्टर कुत्र्याला कुशीवर झोपवतात, गुडघा सरळ करतात आणि अंगठ्याने वाटी आत ढकलून पाहतात. ढकलल्यावर सरकली पण सोडताच जागेवर आली तर ग्रेड १. सरकली आणि गुडघा सरळ करेपर्यंत किंवा हाताने बसवेपर्यंत बाहेरच राहिली तर ग्रेड २. बहुतेक वेळ बाहेरच असते, हाताने बसवता येते पण सोडली की पुन्हा निसटते, तर ग्रेड ३. अजिबात बसतच नाही ती ग्रेड ४.

इथे एक गोची आहे. आम्हाला एका डॉक्टरांनी ग्रेड २ सांगितली आणि दुसऱ्यांनी ‘तीनच्या जवळ, लगेच ऑपरेशन करा’ म्हटलं. मी वैतागलो होतो, पण पुण्याला हाडांचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे नेल्यावर कारण कळलं. घाबरलेलं कुत्रं मांडी आवळून धरतं, तेव्हा स्नायूच वाटी जागेवर धरून ठेवतो आणि ग्रेड कमी वाटते. अंग सैल पडलं की तोच गुडघा जास्त ढिला लागतो. एक्स-रेवर तर वाटी अगदी जागेवर दिसू शकते, कारण ग्रेड १ आणि २ मध्ये ती येत-जात असते. एक्स-रे काढायचा तो सांध्याची झीज आणि हाडांचा बाक पाहायला. त्या डॉक्टरांनी बबलीला आधी मोकळं चालवून पाहिलं, मग हलकी भूल देऊन दोन्ही पाय तपासले. उजवा ग्रेड २, डावा ग्रेड १.

त्यांचं म्हणणं मला पटलं. ग्रेड १ ला काही त्रास नसेल तर चाकू लावायचा नाही. ३ आणि ४ मध्ये, विशेषतः वाढत्या पिल्लात, उशीर केला तर हाडं वाकडी वाढतात. खरा प्रश्न ग्रेड २ चा. तिथे आकड्यापेक्षा पाय किती वेळा उचलला जातो आणि ते प्रमाण वाढतंय का, हे पाहायचं.

म्हणून आम्ही कॅलेंडरवर खुणा करायला लागलो. सकाळी रंकाळ्यावरची तीच वाट, तेवढंच अंतर, आणि पाय उचलला की एक रेघ. रविवारी मागून आणि बाजूने मोबाइलवर व्हिडिओ. आठवणीवर सोडलं असतं तर घरात एकमत झालंच नसतं, कारण आईच्या मते बबली कायम ठणठणीत असते.

सोबत वजन. ती ५.२ किलोची झाली होती, खारी आणि चहात बुडवलेल्या पावाच्या कृपेने. ते बंद केलं, जेवण मोजून द्यायला लागलो आणि हळूहळू ४.३ वर आणलं. दुसरी गोष्ट पंजे. पॉमच्या पंजाखाली गाद्यांच्या मध्ये केस वाढतात आणि गुळगुळीत फरशीवर ती अक्षरशः घसरते. ते केस आणि नखं नियमित कापली, जिन्याला फळी लावली, सोफ्यापासून दारापर्यंत रबरी पायपुसणी टाकली. रेघा निम्म्यावर आल्या. सांध्यांसाठीच्या गोळ्याही दिल्या, पण त्यांचा फरक मला तरी दिसला नाही. उथळ खाच गोळीने खोल कशी होणार?

शेजारच्या काकांचा सल्ला वेगळाच होता. ‘अवो, तालमीतल्या वस्तादाकडं न्या की, एका झटक्यात वाटी बसवतील.’ पैलवानांचे खांदे तिथे बसतात हे खरं. पण बबलीची वाटी ती स्वतःच दिवसातून दहादा बसवत होती. अडचण ती टिकण्याची होती.

सहा-सात महिने बरे गेले. मग पावसाळ्यानंतर, वजन तेवढंच असताना, रेघा वाढल्या. आधी दोन-तीन पावलं असायची, आता अर्धी गल्ली पाय वर. सोफ्यावर उडी मारणं तिने स्वतःहून सोडलं. टेपने मोजलं तर उजवी मांडी डावीपेक्षा बारीक झाली होती. डॉक्टरांनी पुन्हा तपासून दोन गोष्टी सांगितल्या. वाटी वारंवार खाचेच्या कडेवरून घासली की तिथली कूर्चा झिजते. आणि अशा गुडघ्यात हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पुढचा क्रूसीय स्नायुबंध तुटण्याचा धोका वाढतो. तो तुटला की कुत्रं अचानक पाय टेकवायचंच थांबवतं आणि झटका देऊनही सुधारत नाही. तसं झालं तर वाट न पाहता दाखवायचं. बबलीचा स्नायुबंध शाबूत होता, म्हणून हीच वेळ होती.

ऑपरेशनला होकार देण्याआधी ‘नेमकं काय काय करणार?’ हे जरूर विचारा. बबलीची मांडीच्या हाडातली खाच खोल केली, नडगीच्या वरच्या टोकाचा उंचवटा कापून बाहेरच्या बाजूला सरकवून तारेच्या दोन पिनांनी बसवला, आतली बाजू सैल आणि बाहेरची घट्ट केली. ओढीची रेषा वाकडी असताना नुसते टाके घालून बाहेरची बाजू आवळली, तर वाटी पुन्हा निसटण्याचा धोका मोठा.

सगळ्यात अवघड ऑपरेशननंतरचे आठवडे. काही दिवसांतच ती पाय टेकवायला लागली आणि तिला वाटलं झालं सगळं. पण कापलेलं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर पिंजरा आणि शू-शीला पट्ट्यावर, बस. एका उडीने पिना सरकू शकतात किंवा तो उंचवटा उखडू शकतो, म्हणून एक्स-रेत हाड जुळलेलं दिसेपर्यंत जिना आणि सोफा बंद. दुखण्यासाठी डॉक्टरांनी वजनावर मोजून दिलेलंच औषध. घरातली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामोल कुत्र्याला विषारी ठरते, ती चुकूनही देऊ नका.

आता उजव्या पायाला एकही रेघ नाही, मांडीही भरत आलीय. डाव्या पायाला अजून चाकू लावलेला नाही. तो ग्रेड १ वरच आहे आणि दर सहा महिन्यांनी तपासायचा ठरलंय. कॅलेंडरवर आता डाव्याच्या रेघा वेगळ्या शाईने असतात. गेल्या महिन्यात दोन होत्या, दोन्ही नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर.