कापडी पिशवीसाठी कोणतं घोषवाक्य? चार पर्याय, धुळ्याच्या बाजारात उभे करून

प्रभाग कार्यालयात कापडी पिशवीच्या मोहिमेची फाईल फिरायला लागली की कापड, शिलाई, बचत गट, वाटपाची तारीख हे सगळं आधी ठरतं. घोषवाक्याचा कागद शेवटी येतो, आणि तोवर सगळ्यांना घरी जायची घाई झालेली असते. मग जे तोंडावर येईल ते छापलं जातं. धुळ्यातला एखादा प्रभाग डोळ्यांसमोर ठेवून चार पर्याय तपासू या. पाचकंदीलला भाजी घेणारी वस्ती, सकाळी घंटागाडी, संध्याकाळी कामावरून परतताना हातगाडीपाशी थांबणाऱ्या मोटारसायकली, असा तो प्रभाग.

पहिला पर्याय सवयीचा: "प्लास्टिक हटवा, पर्यावरण वाचवा". याला कुणी हरकत घेत नाही, हाच त्याचा एकमेव गुण. भिंतीवर तो इतक्या वर्षांपासून आहे की नजर त्यावरून घसरते. शिवाय वाचणाऱ्यानं नेमकं काय करायचं, ते यात नाही. छापतानाही तो त्रास देतो. पिशवी साध्या मांजरपाटाची असेल तर जाड विणीवर शाई पसरते. 'प्ला' आणि 'र्या' यांतल्या बारीक जागा भरून जातात, रफार शिरोरेषेला चिकटतो, आणि दोन-चार धुण्यांनंतर उरतो तो निळा डाग. अक्षरं मोठी करावीत, तर एवढे शब्द पिशवीच्या एका बाजूवर बसत नाहीत.

दुसरा धाकाचा: "प्लास्टिकची पिशवी, पाच हजारांचा दंड". यामागे कायदा आहे. राज्याची अधिसूचना 23 मार्च 2018ची. पहिल्या वेळी 5,000 रुपये, दुसऱ्या वेळी 10,000, तिसऱ्या वेळी 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. भाजीवाल्यापुरतं हे वाक्य काम करतं, निदान कारवाईची गाडी फिरते त्या आठवड्यात. पण त्याला विचारा, तो म्हणेल, "गिऱ्हाईक हात हलवत येतं, मी मेथी कशात बांधू?" पिशवी विसरणारा गिऱ्हाईक, आणि धाक दुसऱ्यालाच. शिवाय दंडाची पाटी लावून महिनाभर एकही पावती फाडली नाही, तर लोक पाटीवर हसतात. हे वाक्य दुकानाच्या गल्ल्यापाशी स्टिकर म्हणून चालेल. वाटायच्या पिशवीवर मात्र ते शोभत नाही. हळदी-कुंकवाला कोण दंडाची पिशवी घेऊन जाईल?

खरी चुरस पुढच्या दोघांत आहे.

तिसरा अहिराणीत: "बजारले चालनात? थैली लिधी का?" म्हणजे बाजाराला निघालात, थैली घेतली का. घरातली म्हातारी उंबऱ्यापाशी जे विचारते, तेच हे. घंटागाडीच्या भोंग्यावर हे वाक्य लावून बघा. गाडी दारापुढं थांबते ती बादली ओतण्यापुरती. तेवढ्यात लांब वाक्य कानात शिरत नाही. प्रश्न शिरतो, कारण माणूस मनात लगेच उत्तर देतो. 'थैली' हा शब्दही सोयीचा. उर्दू, हिंदी, मारवाडी बोलणाऱ्या घरांतही तो कळतो, त्यामुळे पहिला अर्धा भाग निसटला तरी दुसरा पोचतो.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. मूळ मसुद्यात बहुतेकदा "चालना" येतं, आणि ते फक्त पुरुषाला उद्देशून होतं. बाई असेल तर "चालनी". "चालनात" केलं की दोघंही आले, आदरही राहिला. असं वाक्य कार्यालयातल्या कुणी अंदाजानं लिहू नये. त्याच गल्लीतल्या चार बायांना मोठ्यानं वाचून दाखवावं. अहिराणी गावागणिक थोडी बदलते, आणि चुकीची अहिराणी लोकांना टिंगल वाटते. जळगावच्या प्रभागासाठी तर हे वाक्य जसंच्या तसं उचलूच नये. भुसावळ, यावल, रावेर पट्ट्यातली लेवा बोली वेगळी, आणि जळगावात दोन्हीकडची माणसं आहेत.

चौथा प्रमाण मराठीत: "चावी घेतली? पिशवी घेतली?" ऐकायला साधा, पण यात हुशारी आहे. पिशवी विसरल्याचं कळतं ते घरातून निघताना नाही, तर संध्याकाळी परतताना. अचानक वांगी चांगली दिसतात, भरताचा बेत ठरतो, आणि पिशवी घरी खिळ्याला. चावी मात्र कुणी विसरत नाही, कारण तिच्याशिवाय गाडी हलत नाही. हे वाक्य पिशवीला त्या न विसरणाऱ्या वस्तूशी बांधतं. छापायलाही ते सोपं. जोडाक्षर एकही नाही, दोन ओळी, एकच रंग, अक्षरं तळहाताएवढी घेता येतात. दाराच्या आतल्या बाजूला लावायचा छोटा स्टिकरही यातूनच होतो. उणीव एकच: पायी बाजाराला जाणाऱ्या म्हातारीला हे आपलं वाटत नाही.

तिसरा किंवा चौथा निवडण्याचं कारण केवळ आकर्षकपणा नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं 2018 मध्ये वेगवेगळ्या पिशव्यांचा हिशेब मांडला होता. त्यात साध्या सुती पिशवीचा फक्त हवामानावरचा भार प्लास्टिकच्या पिशवीच्या पातळीवर यायला ती निदान 52 वेळा वापरावी लागते, असं निघालं. आपल्याकडं सांगायचं तर वर्षभराचे आठवडे बाजार. पाण्यासकट इतर परिणाम धरले तर आकडा कितीतरी पुढं जातो. म्हणून "कापडी पिशवी मोफत घ्या" अशा वळणाचं वाक्य उलटतं. घरात सहा पिशव्या साठतात आणि बाजारात हात रिकामाच. घोषवाक्यानं सोबत नेण्याची आठवण करून द्यायला हवी. ते काम हे दोघंच करतात.

माझं मत विचाराल तर, अहिराणी घरं जास्त असलेल्या धुळ्याच्या प्रभागात तिसरा घ्या, भोंग्यावरही आणि पिशवीवरही. वस्ती मिश्र असेल, नोकरदार जास्त असतील, किंवा प्रभाग जळगावात असेल तर चौथा. दोन्ही एकाच पिशवीवर नकोत. नगरसेवकाचा फोटो तर मुळीच नको. आचारसंहिता लागली की तसं साहित्य वाटता येत नाही आणि उरलेले गठ्ठे कार्यालयात पडून राहतात.

छापण्याआधी एक चाचणी करता येते. एकसारख्या गर्दीचे दोन भाजीकोपरे निवडा. एका संध्याकाळी तासभर उभं राहून किती गिऱ्हाइकांनी स्वतःची पिशवी काढली ते टिपा. मग एका कोपऱ्यावर तिसऱ्या वाक्याचा फलक लावा, दुसऱ्यावर चौथ्याचा, आणि पंधरवड्यानं त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा मोजा. सणाचा आठवडा टाळा, त्यात आकडे फसवे येतात. ज्या कोपऱ्यावर वाढ जास्त, ते वाक्य.

खरेदीच्या कागदावर मात्र नुसतं "कापडी" लिहू नका, "सुती, विणलेलं कापड" असं लिहा. नाहीतर पुरवठादार नॉन-वोव्हन पिशव्या आणून टाकतो. त्या दिसतात कापडासारख्या, अंगावर बारीक ठिपक्यांची नक्षी असते, पण असतं ते पॉलिप्रॉपिलिन, म्हणजे प्लास्टिकच. केंद्राच्या नियमानुसार प्रति चौरस मीटर 60 ग्रॅमपेक्षा हलक्या अशा पिशव्यांवर 30 सप्टेंबर 2021पासून बंदी आहे. माल उतरवून घेताना एका पिशवीचा कोपरा कापून पेटवा. सुताची राख होते आणि कागद जळल्याचा वास येतो. वितळून कडक मणी झाला, तर गाडी तशीच परत पाठवा.