ग्रीडी की डीपी: सात महिने "अदलाबदल" वहीत लिहून बघितली, त्याचा अनुभव

सात महिन्यांपूर्वी मी एक सवय लावून घेतली. ग्रीडी कोड, म्हणजे दर टप्प्याला त्या क्षणी सगळ्यात चांगलं दिसेल ते घेऊन मागे न फिरणारा, लिहायच्या आधी वहीत तीन-चार ओळींत लिहायचं की ही निवड सुरक्षित का आहे, आणि ते लिहिता आलं नाही तर ग्रीडी सोडून द्यायचं. एवढंच. आता पुरेसे दिवस झालेत म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवात एका चुकीमुळे झाली. एका कार्यालयाच्या हॉल बुकिंगचं काम होतं, हॉल एकच, आलेल्या मागण्यांतून जास्तीत जास्त कार्यक्रम बसवायचे. खरा डेटा देत नाही, पण आकार असाच होता: मुंज ८ ते १, बारसं ९ ते ११, मंडळाची मीटिंग साडेदहा ते साडेअकरा, डोहाळजेवण ११ ते २, साखरपुडा १२ ते ६, आणि गाण्याचा कार्यक्रम २ ते ५.

इथे पहिल्यांदा डोक्यात येतं ते म्हणजे जो आधी सुरू होतो तो घ्या. मग मुंज घेतली की १ वाजेपर्यंत हॉल अडकला, नंतर फक्त गाणं बसतं, म्हणजे दोनच. बरं, सगळ्यात छोटा कार्यक्रम आधी घेऊ, तर तासाभराची मीटिंग घेतली आणि तिने बारसं पण उडवलं आणि डोहाळजेवण पण, परत दोनच. जो सगळ्यात आधी संपतो तो घ्या असं केलं की बारसं, डोहाळजेवण, गाणं, तीन बसतात. हे तिन्ही नियम ऐकायला सारखेच पटतात, म्हणून नुसतं "पटतंय" यावर माझा आता अजिबात विश्वास नाही.

वहीत काय लिहितो ते सांगतो. समजा कुणीतरी सगळ्यात चांगलं वेळापत्रक आणून दिलं, ते कसं बनवलं आपल्याला माहीत नाही. त्यातला पहिला कार्यक्रम क्ष. आपल्या नियमाने निवडलेला पहिला कार्यक्रम ग, म्हणजे सगळ्यांत आधी संपणारा. ग हा क्ष च्या आधी किंवा बरोबरच संपतो. मग क्ष काढून तिथे ग ठेवला तर पुढचे सगळे कार्यक्रम क्ष संपल्यावर सुरू होणारे होते, म्हणजे ग संपल्यावर तर नक्कीच, कुणाशीच टक्कर नाही. एक काढला एक घातला, संख्या तेवढीच राहिली. म्हणजे ग असलेलं एक तरी सर्वोत्तम वेळापत्रक आहेच, आणि ग नंतर जे उरतं तो तोच प्रश्न छोट्या आकारात, तिथे परत हीच अदलाबदल. संपला पुरावा.

आता माझी चूक. दोन आठवड्यांनी मागणी आली की कार्यक्रमांची संख्या नको, भाडं जास्तीत जास्त हवं. मी तोच कोड ठेवला आणि दोन कार्यक्रम एकाच वेळी संपत असतील तर जास्त भाड्याचा घे एवढं जोडलं. टेस्ट सगळ्या पास झाल्या कारण टेस्टमध्ये सगळ्यांचं भाडं सारखंच भरलेलं होतं. खऱ्या भाड्यावर चालवल्यावर कार्यालयाच्या काकांनी विचारलं, मुंज का नाकारली म्हणून.

भाडी अशी धरा: बारसं ३०००, मीटिंग १०००, मुंज १४०००, डोहाळजेवण ५०००, गाणं ५०००, साखरपुडा १५०००. आधी संपणारा घ्या तर १३०००. जास्त भाडं आधी घ्या तर साखरपुडा आणि बारसं, १८०००. खरं उत्तर मुंज आणि गाणं, १९०००. हे तेव्हा वहीत लिहिलं असतं तर लगेच दिसलं असतं, कारण पुराव्याची टक्कर न होण्याची ओळ अजून खरीच आहे पण "एक काढला एक घातला, संख्या तेवढीच" ही ओळ मोडते. १४००० काढून ३००० घातले की बेरीज तेवढी राहत नाही. माझ्यासाठी या सवयीचा सगळ्यात मोठा फायदा हाच, नुसतं चुकलं एवढं कळत नाही तर कुठल्या ओळीत चुकलं ते कळतं, आणि ती ओळच सांगते की आता "घ्यायचा की नाही" हे दोन्ही बाजूंनी तपासावं लागणार, म्हणजे डीपी, छोट्या प्रश्नांची उत्तरं साठवून त्यांवरून मोठ्याचं काढायचं.

```
best[i] = max(best[i-1], rent[i] + best[p[i]])
```

इथे `best[i]` म्हणजे पहिल्या i कार्यक्रमांतून मिळणारं जास्तीत जास्त भाडं, `best[0]` शून्य, आणि `rent[i]` म्हणजे i चं भाडं. कार्यक्रम संपायच्या वेळेनुसार लावून घ्यायचे, आणि `p[i]` म्हणजे i सुरू व्हायच्या आत किंवा अगदी त्याच वेळी संपलेले किती ते (पायथनच्या `bisect_right` ने मिळतं). वरच्या डेटावर `best[1]` पासून असा भरतो: ३०००, ३०००, १४०००, १४०००, १९०००, १९०००. शेवटी साखरपुडा घेतला तर १५००० अधिक ३००० म्हणजे १८००० होतात, म्हणून तो सोडला. वेळेच्या हिशोबात दोन्ही पद्धतींना सॉर्टिंगचाच खर्च मुख्य आहे, त्यामुळे इथे ग्रीडीसाठी हट्ट करण्यात काहीच फायदा नव्हता.

आता कमतरता. पुरावा सुचला नाही म्हणजे ग्रीडी चूकच आहे असं नाही, कदाचित मलाच सुचला नसेल. म्हणून मी जोडीला एक छोटी स्क्रिप्ट ठेवतो जी आठ बुकिंगपर्यंतचे रँडम नमुने बनवते आणि सगळे २५६ गट तपासून ग्रीडीशी ताडते. वेळा ० ते १० आणि भाडी १ ते ५ एवढीच ठेवा, आकडे मोठे ठेवले तर एक ११ ला संपतो आणि दुसरा ११ ला सुरू होतो असे प्रसंग जवळजवळ येतच नाहीत, आणि `<` च्या जागी `<=` हवं होतं ही चूक तिथेच लपते. हजारो नमुने पास झाले तरी तो पुरावा नाही हे मात्र लक्षात ठेवा. याला अपवाद म्हणजे नाण्यांचा प्रश्न, म्हणजे दिलेली रक्कम कमीत कमी नाण्यांत द्यायची, तिथे सगळ्यात मोठ्या दोन नाण्यांच्या बेरजेपर्यंत ग्रीडी चुकली नाही तर पुढेही चुकत नाही हे सिद्ध झालेलं आहे. आपल्याकडे १, २, ३, ५, १०, २०, २५, ५० पैसे अशी नाणी होती, म्हणजे ७५ पर्यंत तपासलं की झालं. तपासलं तर ४० ला अडकतं: ग्रीडी २५, १०, ५ अशी तीन नाणी देते आणि वीस पैशांची दोन पुरतात. चार आणे आणि वीस पैसे एकत्र असल्यामुळे हे झालं.

गेल्या महिन्यात परत संख्येच्याच हिशोबात नवीन अट आली, दोन कार्यक्रमांत साफसफाईचा वेळ. सगळ्यांना अर्धा तास असेल तर प्रत्येकाची संपायची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलायची, पुरावा तसाच लागू. जेवणावळीनंतर एक तास आणि मीटिंगनंतर दहा मिनिटं असेल तरी तो वेळ त्या त्या कार्यक्रमालाच जोडायचा आणि नवीन वेळेने सॉर्ट करायचं, चालतं. पण त्यांना हवं होतं की कुठल्या कार्यक्रमानंतर कुठला येतोय त्यावर वेळ ठरावा, लागोपाठ दोन गाण्याचे कार्यक्रम असतील तर स्टेज तसंच ठेवायचं, नाहीतर तासभर. वहीतली ओळ परत वाचली, क्ष च्या जागी ग ठेवला की पुढच्याशी टक्कर नाही, आणि या वेळी मोडली ती हीच, कारण ग लवकर संपला तरी त्याच्या नंतरचा वेळ क्ष पेक्षा जास्त असू शकतो. मग `best` मध्ये शेवटचा कार्यक्रम कुठला हेही ठेवलं, प्रत्येकासाठी मागचे सगळे तपासले, दिवसाला वीसच्या आतच बुकिंग असतात त्यामुळे वेग हा प्रश्नच आला नाही.