फेज शिफ्टर की सिरीज रिअॅक्टर?

220 केव्हीच्या दोन समांतर लाइन घ्या, एक 20 ओमची, दुसरी 40 ओमची. 600 मेगावॉट सोडले की 400 पहिलीतून जातात, 200 दुसरीतून. पहिलीची मर्यादा 300 असेल तर दुसरीत जागा मोकळी असूनही पहिली तापते.

स्वस्त उपाय म्हणजे पहिलीत 20 ओमचा रिअॅक्टर. वाटणी 300-300 होते आणि भार कितीही बदलला तरी निम्मी-निम्मीच राहते. पण तो सुमारे 37 मेगाव्हार खातो, आणि वाटणी पुन्हा बदलायची सोय नाही.

फेज शिफ्टर टॅप बदलून व्होल्टेजचा कोन सरकवतो. त्याचा स्वतःचा रिअॅक्टन्स, समजा 10 ओम, पहिल्याच लाइनीत बसवला तर मदतच करतो: वाटणी 343-257 वर येते, उरलेल्या 43 मेगावॉटला 3.6 अंश पुरतात. दुसरीत बसवला असता तर जवळपास 11 अंश लागले असते.

गोची रात्री होते. कोन भाराच्या प्रमाणात घटत नाही. एकूण भार 60 वर आला आणि टॅप तसाच राहिला, तर पहिलीतून 9 मेगावॉट उलटे वाहतात, दुसरीत 69 दिसतात. मीटरवर उणे आकडा दिसला की आधी टॅप बघा. वाटणी वरचेवर बदलावी लागत असेल तर मी शिफ्टरच घेईन. नसेल तर रिअॅक्टर पुरे.