के-१० आणि के-३० विडिया इन्सर्ट: पाच महिने वापरल्यावर

शिरोलीत छोटं वर्कशॉप आहे, काम मुख्यतः बिडाच्या फ्लँजचं. १८० मिमीचा जॉब आणि फेसवर कोअरने पाडलेली चार भोकं, म्हणजे फेसिंग करताना टूल प्रत्येक फेऱ्यात चार वेळा हवेत जातं आणि चार वेळा धाडकन आपटतं. टूलच्या टोकाला बसवायचा कापणारा तुकडा, म्हणजे इन्सर्ट, आधी बिनकोटिंगचा के-१० घेतला, कारण बीड म्हटलं की सगळे तोच सांगतात. नवव्या जॉबला इन्सर्टचा कोपरा उडाला. स्पीड कमी केला तरी उडालाच.

मग १० एक्सची लुप घेऊन बघितलं. नुसता घासलेला कोपरा असेल तर धारेखाली गुळगुळीत चकचकीत पट्टी दिसते, इथे खरबरीत करडा तुटका भाग होता. म्हणजे टूल झिजत नव्हतं, धक्क्याने तुटत होतं आणि आपण उगाच स्पीडशी खेळत बसलो होतो!

सप्लायरच्या शीटप्रमाणे या के-१० मध्ये कोबाल्ट ६ टक्के आणि त्यांच्याच के-३० मध्ये १०. (बॉक्सवर हे नसतं, आणि के-१०, के-३० हे नंबर कोबाल्टचे नाहीत, कामाच्या प्रकाराचे आहेत, म्हणून शीट मागून घ्या.) विडियातले कार्बाइडचे दाणे अतिशय कडक पण ठिसूळ, त्यांना धरून ठेवणारा कोबाल्ट त्यामानाने मऊ. तडा पसरायला लागला की दाण्यांमधला कोबाल्ट थोडा ताणला जातो आणि तडा तिथे अडतो. कोबाल्ट जास्त तर हा थर जाड, म्हणून टूल मार खातं, पण तेवढाच कडकपणा जातो आणि गरम झालं की धार लवकर बसते. दाणे बारीक केले की तेवढ्याच कोबाल्टमध्ये थर पातळ होतो आणि कडकपणा वाढतो, त्यामुळे नुसते टक्के बघून ग्रेड निवडू नका.

के-३० लावला तर उडणं जवळजवळ बंद झालं. पण के-१० च्याच ११० मीटर प्रति मिनिट स्पीडला झीज इतक्या लवकर आली की वीस जॉबनंतर साईज सरकायला लागली. ८५ वर, म्हणजे साधारण १५० आरपीएमवर आणलं, आता एका कोपऱ्यात चाळीसच्या आसपास जॉब होतात. ०.३ मिमी झीज दिसली की मी कोपरा बदलतो.

के-१० फेकला नाही हां. मधल्या बोअरचं फिनिशिंग अखंड कट आहे, धक्का नाही, तिथे तो मस्त चालतो आणि साईज धरून ठेवतो.

एकदा आमच्या पोराने फेसिंगला मधूनमधून कूलंट मारलं तर धारेला काटकोनात कंगव्यासारख्या बारीक भेगा आल्या. गरम-गार गरम-गार झाल्यावर के-३० पण टिकत नाही. आता फेसिंग कोरडंच.

अजून एक त्रास आहेच, कास्टिंगला वाळू चिकटलेली असेल तर के-३० ची धार दोन-तीन जॉबमध्ये जाते. पहिला कट अर्ध्या मिमीचा घेतला की टूल त्या वाळूच्या सालीतच घासत राहतं, म्हणून मी आता पहिलाच कट अडीच मिमीचा घेतो, टोक सालीच्या खाली जातं.